अडतीस दिवसांचं बाळ, सोलापूरचा मे महिना आणि १००.८ ताप

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करते. ही केस लिहायचं कारण एवढंच की आपल्याकडे उन्हाळ्यात बाळाचं अंग तापलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "उन्हानं तापलंय, उतरंल." आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, म्हणूनच मोठा घोटाळा होतो. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी क्रम आहे तसाच ठेवलाय.

बाळ म्हणजे मुलगी, वय ३८ दिवस, पहिलटकरणीची. दिवस पूर्ण भरून नॉर्मल डिलिव्हरी, जन्माचं वजन २.९ किलो, काविळीसाठी लाइटखाली ठेवावं लागलं नव्हतं. आई बाळंतपणाला माहेरी आलेली, घर पूर्व भागात, वर पत्रा, शेजारी पॉवरलूमचा शेड, म्हणजे दुपारी घरात किती तापत असेल ते सोलापूरकरांना सांगायला नको. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर. दिवसभरात आठ-दहा वेळा प्यायची, सात-आठ दुपटी ओली करायची.

त्या दिवशी दुपारपासून आईला जाणवलं की बाळ छातीला लागतं, दोन मिनिटं ओढतं आणि सोडून देतं. रडतंय असं नाही, पण नेहमीसारखं जोर लावून पीत नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास पाजताना पोट आणि पाठ गरम लागली. आजी म्हणाली, उन्हानं झालंय, आणि आजीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं कारण बाळाच्या डोक्याला टोपी होती, अंगात झबलं, त्यावर घट्ट बांधलेलं दुपटं, बाळंतिणीच्या खोलीचं दार-खिडकी बंद. इतक्या लहान बाळाला घाम फारसा येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायची सोय अजून नीट तयार झालेली नसते, त्यामुळं गरम खोलीत गुंडाळलेलं बाळ खरंच तापतं.

आता इथं आईनं जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हाताला गरम लागलं यावर ती थांबली नाही, तिनं मोजलं. घरभेटीला येणाऱ्या आशाताईंनी तिला डिजिटल थर्मामीटर कसं लावायचं ते दाखवलेलं होतं, म्हणून तिनं एक आणून ठेवलं होतं. काख कोरड्या कापडानं टिपली, टोक काखेच्या मधोमध ठेवलं, दंड अंगाला अलगद दाबून धरला आणि बीप वाजेपर्यंत हलवलं नाही. १००.२ आलं. मग टोपी काढली, दुपटं काढलं, बाळाला पुढच्या खोलीत पंख्याखाली आणलं, थेट वारा अंगावर येणार नाही असं, फक्त पातळ सुती झबल्यावर ठेवलं. वीस मिनिटांनी परत मोजलं, १००.८.

म्हणजे खोली बदलली, कपडे काढले आणि ताप कमी व्हायच्या ऐवजी वाढला. उन्हानं तापलेलं बाळ असं करत नाही. गुंडाळल्यामुळं तापलेलं बाळ मोकळं केलं की पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात खाली यायला लागतं, आणि दूध व्यवस्थित पितं. अजून एक गोष्ट आई बोलता बोलता बोलली, पोट तापलेलं होतं पण तळवे गार. उन्हानं तापलेल्या बाळाचे हातपाय सहसा पोटाइतकेच गरम लागतात. गार तळवे आणि तापलेलं पोट दिसलं की मी आजाराच्या बाजूनं विचार करते. ही काही पक्की टेस्ट नाही, नुसत्या तळव्यांवरून कुणी निर्णय घेऊ नये, पण बाकीच्या गोष्टींच्या जोडीला ती धरता येते.

आकड्याचं एकदा नीट सांगते कारण इथं लोक गोंधळतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, ही रेघ. तिथं पोचलं की दवाखाना, तेही त्याच वेळी, सकाळची वाट बघायची नाही. ही रेघ खरं तर शौचाच्या जागेतून मोजलेल्या तापाची आहे, काखेत त्यापेक्षा थोडं कमीच दाखवतं. त्यामुळं काखेत ९९.५ च्या वर काहीही आलं तर मी म्हणते बाळाला मोकळं करा, वीस मिनिटांनी परत मोजा, आणि तरी ९९.५ च्या वरच असेल तर डॉक्टरांना फोन लावा. काखेतच १००.४ आलं तर मग फोन-बिन नंतर, आधी निघा. आणि एकदा १००.४ आलेला ताप नंतर आपोआप उतरला तरी बाळ दाखवायचंच. शौचाच्या जागेतून घरी मोजायच्या भानगडीत पडू नका, इजा होऊ शकते, ते आम्ही करतो. कपाळासमोर धरायच्या त्या गनवर एवढ्या लहान बाळाचा निर्णय घेऊ नका.

आता शेजारच्या वहिनी आल्या, त्यांच्याकडं त्यांच्या दोन वर्षांच्या पोराची तापाची बाटली होती. "दोन थेंब द्या, उतरंल की ओ." आईनं आशाताईंना फोन केला आणि त्यांनी ठणकावून सांगितलं, काही देऊ नका, बाळ घेऊन निघा.

हे का बरोबर होतं ते सांगते, कारण पॅरासिटामॉल वाईट औषध आहे असं माझं म्हणणं नाही, आम्हीही वॉर्डात देतो. पहिली गोष्ट, पॅरासिटामॉलनं ताप उतरतो तो कारण काहीही असलं तरी उतरतो. साधं व्हायरल असलं तरी आणि रक्तात जंतू गेले असले तरी. त्यामुळं "औषध दिल्यावर उतरला म्हणजे साधाच होता" हा हिशोब तीन महिन्यांच्या आत चालतच नाही. उलट बाळ तासाभरासाठी जरा बरं दिसतं, घरचे निर्धास्त होतात आणि रात्र निघून जाते. दुसरी गोष्ट बाटलीची. बाजारात ड्रॉप्स असतात त्यात बहुतेक एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि सिरप असतं त्यात पाच मिलीत १२० किंवा १२५, काहींमध्ये २५०. म्हणजे एक मिली ड्रॉप्समध्ये साध्या सिरपच्या चौपट औषध. दोन्ही गोड, दोन्हीची खोकी सारखी दिसणारी. रात्री घाईत कुणाच्या तरी घरची बाटली आणून चमच्यानं अंदाजे दिलं की चार किलोच्या बाळाला किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. तीन महिन्यांच्या आत हे औषध डॉक्टरांनी बाळ बघून, वजनावर काढून दिलं तरच. आयबुप्रोफेन तर सहा महिन्यांच्या आत द्यायचंच नाही.

आजीला गार पाण्याची घडी ठेवायची होती, तेही आईनं टाळलं. गार पाण्यानं कातडीच्या शिरा आवळतात, बाळ थरथरतं, आतला ताप तसाच राहतो. कापूर, बाम, धुरी यातलं काही एवढ्या बाळाजवळ नको, कापूर तर विषारी आहे.

मामाच्या रिक्षातून निघाले. वाटेत आईनं बाळाला छातीशी धरून पाजत आणलं, ती पिईल तेवढं. सोबत डिलिव्हरीची फाइल, माता बाल संरक्षण कार्ड, आणि एका कागदावर लिहिलेलं: ७.३० ला १००.२, ७.५० ला १००.८, कुठलंही औषध दिलेलं नाही. तो कागद बघून मला खरंच बरं वाटलं, कारण नाहीतर आमची पहिली दहा मिनिटं "कधीपासून, किती होता, काय दिलं" यातच जातात आणि घरातले चार जण चार उत्तरं देतात.

नऊच्या आसपास बाळ आमच्याकडं टेबलावर होतं. शौचाच्या जागेतून ताप १०१.५. वजन ३.९ किलो, म्हणजे वाढ चांगली. श्वास पूर्ण मिनिटभर मोजले, ५२. या वयात मिनिटाला ६० किंवा जास्त असले तर आम्ही धोका धरतो, आणि मिनिटभरच मोजायचे कारण लहान बाळ मध्येच चार-पाच सेकंद थांबून परत भराभर घेतं, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की चुकीचं उत्तर येतं. छाती आत ओढली जात नव्हती. टाळू सपाट होती, फुगलेली नव्हती. ठोके १७६, तापाच्या मानानं चालतील असे. डोळे उघडून बघत होती पण रडणं किरकिरं, आणि जवळ घेतलं तरी नीट शांत होत नव्हती. सर्दी नाही, खोकला नाही, कान-घसा ठीक, नाळेची जागा कोरडी, अंगावर पुरळ नाही.

बाळाच्या वडिलांनी विचारलं, "मॅडम, कुठं काही दिसत नाही म्हणता, मग ॲडमिट कशाला?" प्रश्न रास्त होता. दोन वर्षांच्या मुलाला एवढा ताप असता, खेळत असतं, पाणी पीत असतं तर मी घरी पाठवलं असतं. पण या वयात बाळाकडं बघून गंभीर जंतुसंसर्ग आहे की नाही ते डोळ्यांना कळत नाही, कितीही अनुभव असला तरी. तीन महिन्यांच्या आत ताप घेऊन आलेल्या बाळांमध्ये साधारण दहात एकाला असा बॅक्टेरियाचा संसर्ग निघतो, बाकी नऊ जणांचं बहुतेक व्हायरल असतं आणि ती बरी होतात. तो एक कुठला हे शोधायचं तर टेस्ट लागतात. त्या एकातही बहुतेक वेळा सापडतं लघवीचं इन्फेक्शन, आणि त्यात बाळ काहीही सांगत नाही. जळजळ होते म्हणून रडेल, लघवीला वास येईल असं काही नसतं, नुसता ताप आणि दूध कमी.

टाचेतून शुगर बघितली, ठीक होती, दूध कमी गेलेल्या बाळात ती आधी बघायची असते. रक्त घेतलं, त्यात पेशींचा काउंट, इन्फेक्शनमध्ये वाढणारा सीआरपी आणि रक्तातले जंतू उगवून बघायचं ब्लड कल्चर. लघवी बारीक नळीनं घेतली. यावर आई कळवळली, पिशवी लावून घेता येत नाही का म्हणाली. पिशवीत गोळा झालेल्या लघवीत कातडीवरचे आणि शौचातले जंतू मिसळतात, मग कल्चरमध्ये काहीतरी उगवतं आणि ते खरं की भेसळ ते कळत नाही. मग एक तर नको असताना दहा दिवस औषध जातं, नाहीतर खरं इन्फेक्शन भेसळ समजून सुटतं. नळीचा त्रास अर्ध्या मिनिटाचा आहे, आणि ही लघवी अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधीच घ्यावी लागते, नंतर कल्चरमध्ये जंतू उगवायची खात्री राहत नाही.

तासाभरात रिपोर्ट आले. पांढऱ्या पेशी १७,८००, सीआरपी ४८, लघवीत पस सेल्स २५ ते ३०, नायट्राइट पॉझिटिव्ह. म्हणजे लघवीचं इन्फेक्शन जवळजवळ नक्की. खरा अवघड संवाद त्यानंतर झाला, पाठीतलं पाणी तपासायचा. बाळ किरकिरं होतं, सीआरपी वाढलेला, आणि या वयात लघवीतले जंतू रक्तात आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात. तिथं गेले असतील तर औषधाचा डोस आणि किती दिवस द्यायचं दोन्ही बदलतं, आणि एकदा अँटिबायोटिक सुरू झालं की ते नंतर शोधणं कठीण होऊन बसतं. लघवी पॉझिटिव्ह असताना प्रत्येक बाळाला ही टेस्ट करायची का यावर डॉक्टरांमध्ये मतं वेगळी आहेत. एक महिन्यानंतरचं बाळ एकदम तजेलदार असेल तर काही जण थांबतात, अठ्ठावीस दिवसांच्या आतल्या बाळात सहसा थांबत नाहीत. या बाळाचं ते न शांत होणारं रडणं मला आवडलेलं नव्हतं, म्हणून मी करावी म्हणाले.

आजी एकदम म्हणाली, "पाठीतलं पाणी काढलं की लकवा मारतो." ही भीती आपल्याकडं घरोघर आहे आणि त्यापायी लोक बाळ उचलून नेतात, म्हणून सविस्तर लिहिते. मज्जारज्जू बाळातही कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई घालतो ती त्याच्या खाली, कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये, जिथं फक्त पाणी आणि त्यात सुटे तरंगणारे मज्जातंतू असतात. पाणी काढतो ते काही थेंब, एक-दीड मिली, आणि शरीर ते काही तासांत परत तयार करतं. ज्या बाळांना पुढं अपंगत्व आलेलं लोकांनी बघितलेलं असतं त्यांना मेंदूज्वर झालेला होता, नुकसान त्यानं केलं, सुईनं नाही. मी त्यांना कागदावर मणक्यांचं चित्र काढून दाखवलं. वडिलांनी सही केली, आजी बाहेर बसली. पाणी स्वच्छ आलं, पेशी ४, शुगर-प्रोटीन नॉर्मल.

सगळे सॅम्पल गेले आणि लगेच शिरेतून दोन अँटिबायोटिकचे पहिले डोस. पॅरासिटामॉलही दिलं, वजनावर. अंगावरचं दूध चालूच ठेवलं, सलाइन जरुरीपुरतं.

पहिल्या रात्री दोनदा ताप आला, दुसऱ्या दिवशी एकदा, आणि साधारण छत्तीस तासांनी थांबला. दूध पिणं त्याच्याही आधी सुधारलं, आईनंच सांगितलं की आता ओढतेय. दुसऱ्या दिवशी लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय उगवला, एक लाखाच्या वर कॉलनी, आणि कुठल्या औषधाला दाद देतो त्याचा रिपोर्ट त्यानंतर आला. सुरू केलेल्या दोनपैकी एका औषधाला तो दाद देत नव्हता, दुसऱ्याला देत होता, म्हणून ते पहिलं बंद केलं. आपल्याकडं हे नेहमीचं झालंय, आणि याच कारणासाठी कल्चर न पाठवता अंदाजानं तोंडी अँटिबायोटिक देऊन घरी पाठवणं या वयात मला पटत नाही. ब्लड कल्चर निगेटिव्ह आलं. किडनीची सोनोग्राफी नॉर्मल. काही दिवस शिरेतून आणि मग तोंडी धरून एकूण दहा दिवस औषध झालं.

आता हीच केस जराशी वेगळी असती तर. बाळ तीन आठवड्यांचं असतं तर १००.४ ला कसलीही चर्चा न करता ॲडमिट आणि सगळ्या टेस्ट. बाळ पहिल्या आठवड्यातलं असतं आणि आईला दूध नीट उतरलेलं नसतं तर दूध न मिळाल्यानं पाणी कमी होऊनही ताप येतो, तेव्हा वजन किती उतरलं ते बघतो, पण तेही दवाखान्यातच ठरवायचं. दीड महिन्याची लस आदल्या दिवशी झालेली असती तर पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांतला ताप लसीचा असू शकतो. तरी डॉक्टरांना त्याच वेळी फोन करायचा, बाळ कसं पितंय ते सांगायचं, आणि दूध सोडलं असेल, मलूल असेल किंवा ताप अठ्ठेचाळीस तासांच्या पुढं गेला तर लसीवर ढकलायचं नाही. या बाळाला ती लस अजून द्यायची होती, त्यामुळं तो प्रश्नच नव्हता.

आणि ताप नसतानाही धावत आणायची बाळं असतात, हे सुटतं बऱ्याच जणांकडून. लहान बाळ गंभीर आजारात तापण्याऐवजी गारही पडतं. काखेत ९६ च्या खाली आलं आणि छातीशी कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घेऊनही वर येत नसेल तर ते तापाइतकंच, माझ्या मते तापापेक्षा जास्त गंभीर. दूध अजिबात सोडलेलं, हलवल्याशिवाय हातपाय न हलवणारं, बरगड्यांखाली खड्डा पडत श्वास घेणारं, कण्हणारं, ओठ निळे पडलेलं, हिरवी उलटी करणारं, टाळू फुगलेलं, आठ-दहा तास लघवी नसलेलं बाळ असेल तर थर्मामीटर शोधत बसू नका. झटके या वयात मोठ्यांसारखे दिसत नाहीत, डोळे एकीकडं लागतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल मारल्यासारखे चालतात आणि धरले तरी थांबत नाहीत. अशा वेळी १०८ ला फोन लावा. पैशाची अडचण असेल तरी थांबू नका, सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, तसंच इतर सरकारी दवाखान्यांत एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात उपचार मोफत आहेत.

घरी सोडताना या आईला मी दोन गोष्टी लिहून दिल्या. इथून पुढं पहिली काही वर्षं सर्दी-खोकल्याशिवाय ताप आला की चोवीस तासांच्या आत लघवी तपासायची, कारण एकदा झालेलं इन्फेक्शन परत होऊ शकतं आणि वारंवार झालं तर किडनीवर व्रण राहू शकतात. आणि दीड महिन्याची राहिलेली लस, ती औषधाचा कोर्स संपला की लगेच त्याच आठवड्यात घ्यायची, इन्फेक्शन झालं म्हणून पुढं ढकलायची नाही.